‘०–३ महिने’ म्हणजे नक्की किती? तान्ह्या बाळाच्या कपड्यांचं गणित

भाचीला ४ सप्टेंबरला मुलगी झाली. बारशाच्या दुसऱ्या दिवशी मी सिंहगड रस्त्यावरच्या तिच्या घरी गेले, तेव्हा पलंगावर आलेल्या कपड्यांचा ढीग होता. एकोणीस जोड. त्यातल्या चौदांवर ‘०–३ महिने’ असं लिहिलेलं. तीन लोकरी स्वेटर, तेही ०–३चेच. एक जरीकाठी परकर-पोलका, मनगटाएवढा. हातमोज्या-पायमोज्यांचे पाच संच. एवढं सगळं असूनही बाळ दुपट्यातच गुंडाळलेलं होतं, कारण जे झबलं घालायला घ्यावं ते एक तर ढगळ निघायचं, नाही तर डोक्यातून जायचं नाही.

“मावशी, यातलं घालू काय आणि ठेवू काय?” भाचीने विचारलं. मी लहान मुलांच्या कपड्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं तपासणीचं काम केलंय, त्यामुळे आमच्या घराण्यातला बाळंतविडा फिरून फिरून माझ्याकडे येतो. त्या दिवशी तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

कपड्याआधी बाळ बघू

कपातला चहा बराच वेळ गरम राहतो, तोच बशीत ओतला की मिनिटात निवतो. चहा तोच, पण बशीत त्याचा बराचसा भाग हवेला उघडा पडतो. तान्हं बाळ म्हणजे बशीतला चहा. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या जवळजवळ तिप्पट असतं. म्हणून ते लवकर थंड पडतं, आणि जास्त गुंडाळलं तर तितक्याच लवकर तापतं, कारण त्याला घामही आपल्यासारखा नीट येत नाही. त्वचा पातळ असते, ती घासली की लाल होते आणि कपड्यातलं रसायन आपल्यापेक्षा सहज आत घेते. बेंबीची नाळ वाळून पडायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, तोवर तिथे घट्ट इलॅस्टिक चालत नाही. आणि डोकं! जन्मतः डोक्याचा घेर ३३–३४ सेंटिमीटर असतो, छातीच्या घेरापेक्षा किंचित जास्तच. मान मात्र अजून धरलेली नसते. अरुंद गळ्याचा कपडा डोक्यातून घालताना घरात जी रडारड होते, तिचं कारण हेच.

आपल्याकडचं जुनं झबलं यातल्या बऱ्याच गोष्टींना उत्तर होतं. पुढून उघडं, एक पदर दुसऱ्यावर येणारं, बाजूला बंद. डोक्यातून घालायचं नाही, बेंबीवर दाब नाही, आणि पदर कमी-जास्त ओढून बांधता येत असल्याने तेच झबलं दोन मापांना पुरतं. पहिल्या महिन्यासाठी त्याहून शहाणा कपडा मी पाहिलेला नाही.

‘०–३’ हे वय आहे, माप नव्हे

आता त्या चौदा जोडांकडे वळू. भाचीसमोर मी दोन वेगवेगळ्या दुकानांतली ‘०–३’ची झबली एकावर एक ठेवली. खांदे जुळवले, तर खाली तीन बोटांचा फरक! दोन्ही दुकानदार आपापल्या परीने खरेच. ‘०–३ महिने’ म्हणजे कोणाचे तीन महिने, हे प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते. बरेचसे कपडे तीन महिन्यांच्या बाळाला शेवटी जेमतेम होतील अशा बेताने बेतलेले असतात, म्हणजे पहिल्या आठवड्यात ते ढगळ असणारच. त्यात आपल्याकडची पुष्कळ बाळं अडीच ते तीन किलोंची जन्मतात.

भरवशाचं माप म्हणजे बाळाची लांबी. काही कपड्यांवर ५०, ५६, ६२, ६८, ७४ असे आकडे असतात. ते युरोपातले आकडे आहेत आणि त्यांचा अर्थ फार सरळ आहे: टाळूपासून टाचेपर्यंत इतक्या सेंटिमीटरच्या बाळाला हा कपडा होतो. ५६ म्हणजे साधारण ५१ ते ५६ सेंटिमीटरच्या बाळाचा. दोन मापांमध्ये सहा सेंटिमीटरचं अंतर. ‘०–३’चा कपडा बहुधा ५६ किंवा ६२च्या आसपास असतो आणि ‘३–६’चा ६२ ते ६८च्या. बाळाची जन्मलांबी दवाखान्याच्या कागदावर लिहिलेली असते. ती मोबाइलमध्ये टिपून ठेवा आणि कोणी “काय माप आणू?” असं विचारलं तर महिने सांगू नका, सेंटिमीटर सांगा. आकडा छापलेला नसेल तर एकसंध रॉम्पर खांद्यापासून पावलापर्यंत बाळाच्या अंगाशी लावून बघायचा, लंगोटासाठी दोन बोटं जागा धरून.

त्यात आणखी एक चोर आहे, तो म्हणजे आटणं. सुती होजिअरी, म्हणजे बनियनसारखं विणलेलं ताणणारं कापड, पहिल्या धुण्यात लांबीला पाच टक्के सहज आटतं. ५० सेंटिमीटरच्या रॉम्परला पाच टक्के म्हणजे अडीच सेंटिमीटर. दुकानात बेताचा बसेल असा वाटलेला कपडा एका धुण्यात जवळजवळ अर्धं माप खाली येतो. म्हणून दुकानातल्या मापावर विश्वास नको. आधी धुवा, मग अंगाला लावा, मगच ढीग लावा. मात्र बिलं आणि लेबलं जपायची असतील तर न धुतलेल्यांतूनच बदलायचे कपडे आधी वेगळे काढा. धुतलेला कपडा दुकानदार परत घेत नाही, आणि त्यात त्याचं काही चूक नाही.

पुण्याचं हवामान आणि बाळाची लांबी एका कागदावर

पुढचं माप घेऊन ठेवायला हवं हे सगळ्यांनाच माहीत असतं. चूक होते ती ऋतूची. बाळ त्या मापाचं होईल तेव्हा पुण्यात कोणता महिना असेल, हे कोणी मोजत नाही. आम्ही कागद घेतला आणि मोजलं.

आमची छकुली जन्मताना २.७ किलो आणि ४८ सेंटिमीटर होती. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, दहा-चौदा दिवसांत भरून येतं, त्याने घाबरायचं कारण नाही. लांबी मात्र पहिल्यापासून पळते. पहिल्या महिन्यात साधारण साडेचार सेंटिमीटर, दुसऱ्यात साडेतीन, तिसऱ्यात अडीच ते तीन, आणि त्यापुढे वेग हळूहळू मंदावत महिन्याला दीड-दोनवर येतो. प्रत्येक बाळाचं तंतोतंत असंच होत नाही, पण कपडे घ्यायला एवढा अंदाज पुरतो.

म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला साडेबावन्न सेंटिमीटर. नोव्हेंबरच्या सुरुवातीला छप्पन्न. डिसेंबरच्या सुरुवातीला एकोणसाठच्या आसपास. जानेवारीअखेर बासष्ट-त्रेसष्ट. एप्रिलात, म्हणजे ऊन तापलेलं असताना, सहासष्ट.

आता ते तीन स्वेटर बघा. पुण्यात सप्टेंबरात पाऊस असतो, ऑक्टोबरात उकाडा असतो. रात्रीचा पारा खऱ्या अर्थाने उतरतो तो डिसेंबर-जानेवारीत, दहा-बारा अंशांवर. त्या वेळी ही मुलगी साठीच्या घरात असणार, आणि स्वेटर आतल्या कपड्यावरून घालायचा असल्याने तो एक माप मोठा लागतो. तिला ६८चा स्वेटर हवा होता. आलेले तिन्ही ५६चे. ज्या महिन्यात ते तिला झाले असते, त्या महिन्यात आपण पंखा लावून बसतो. दोन बदलून आणले, तिसरा हाताने विणलेला होता, तो बाहुलीसाठी ठेवला. विणणाऱ्या आजींना हे कळवलेलं नाही.

हाच हिशेब उलट करून बघा. मार्चमध्ये जन्मलेल्या बाळाला लगेच हवेत ते पातळ मलमलचे बिनबाह्यांचे, आणि पुढच्या मापाचे पूर्ण बाह्यांचे कपडे लागतील ते जून-जुलैत. डिसेंबरच्या बाळाला मात्र खरोखरच छोटा स्वेटर लागतो, आणि तोही दीड महिनाच.

किती घ्यायचे, हाही प्रश्न हवामानाचाच आहे. दूध काढणं, लंगोट फुटणं वगैरे धरून तान्ह्याला दिवसाला चार झबली लागतात. पावसाळ्यात ती वाळायला दीड-दोन दिवस घेतात. चार गुणिले दोन आणि हाताशी दोन जादा, म्हणजे दहा. तेच एप्रिलात गॅलरीतल्या दोरीवर दोन तासांत वाळतात, तेव्हा सहा पुरतात. पण सगळ्यात लहान माप तर दोन-तीन आठवडेच चालतं, मग दहा कशाला? म्हणून आम्ही लहान मापाची चारच ठेवली आणि एकावर एक पदर येणारी ५६ची सहा. बाह्या दुमडल्या की तीही पहिल्या दिवसापासून चालली. ६२ची चार-पाच पुरतात, कारण तोवर पाऊस सरलेला असतो. त्यापुढची एकदम घेऊन ठेवू नयेत, बाळ कुठल्या चालीने वाढतंय ते लसीकरणाच्या वेळच्या मोजमापातून दिसू लागतं.

बाळ वेळेआधी किंवा दोन किलोंच्या आतलं जन्मलं असेल तर हे गणित लागू नाही. त्याला बराच काळ आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवतात, त्यामुळे पूर्ण पुढून उघडणारं झबलं, टोपी आणि पायमोजे एवढंच लागतं, आणि तेही डॉक्टर सांगतील तसं.

मऊ म्हणजे काय, हे बोटांना कळत नाही

दुकानात आपण कापड बोटांत चोळून बघतो. पण नव्या कापडाला खळ किंवा मऊपणाचा लेप दिलेला असतो, आणि दोन्ही पहिल्या एक-दोन धुण्यांत निघून जातात. कडक वाटलेली मलमल धुतल्यावर लोण्यासारखी होते. गुळगुळीत वाटलेलं मिश्र कापड धुतल्यावर खरखरीत होतं आणि त्यावर बारीक गोळे येतात. त्यामुळे हाताला काय वाटतं याला फारशी किंमत देऊ नका. कपडा उलटा करा. बाळाच्या अंगाला लागणार ती उलटी बाजू.

उलट्या बाजूला मी तीन ठिकाणं बघते. काखेतली आणि खांद्यावरची शिवण जाड दोरीसारखी उभी आहे का. छातीवर भरतकाम असेल तर त्यामागचं कडक अस्तर उघडं आहे का. आणि मानेमागे शिवलेलं लेबल कोपऱ्यावर टोचतंय का. त्या गोड सशाच्या मागे बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या जाळीसारखं काहीतरी असतं. शिवण बाहेरच्या बाजूला असलेला कपडा उलटा घातल्यासारखा दिसतो, पण पहिल्या महिन्यासाठी तोच चांगला. आमच्या आजी झबली शिवताना शिवणी बाहेर ठेवायच्या, ते काही विसरून नव्हे.

धागा कुठला, हेही बघावं लागतं. सूत ओल शोषतं, पॉलिस्टर जवळजवळ शोषतच नाही. सांडलेलं दूध नि घाम पॉलिस्टरवर राहतो तो कातडीला चिकटून, विशेषतः मानेच्या वळ्यांत. पुरळ उठतं ते तिथेच. ‘कॉटन’ म्हणून विकलेलं खरंच सुती आहे का हे पाहायचं असेल तर आतल्या शिवणीजवळचा चार-पाच धाग्यांचा झुबका कापून चिमट्यात धरून पेटवा. सूत कागदासारखं जळतं, जळक्या कागदाचाच वास येतो आणि बोटांत चुरली जाणारी राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं आणि त्याचा कडक मणी होतो. राख आणि मणी दोन्ही दिसले तर कापड मिश्र आहे. शिवणीचा दोरा स्वतः पॉलिस्टरचा असू शकतो, म्हणून कापडाचेच धागे घ्या. हा उद्योग अर्थातच घरी, मोरीपाशी, दुकानात नव्हे.

रंग उतरतो का, हे बघायला पांढरा रुमाल ओला करून गडद भागावर दहा-बारा वेळा घासा. रुमाल रंगला तर तो कपडा बाळाला नको, कारण ते बाही तोंडात घालणार आहे.

महाग आणि ‘ऑर्गॅनिक’ घेतलं की झालं ना?

अर्धं झालं. दोन शिक्के नेहमी दिसतात. ‘ओएको-टेक्स स्टँडर्ड १००’चा अर्थ तयार कपड्यात घातक रसायनं ठरलेल्या मर्यादेच्या आत आहेत का हे तपासलंय. त्यातही ‘वर्ग १’ हा तीन वर्षांखालच्या मुलांसाठीचा, सगळ्यात कडक. ‘जीओटीएस’ म्हणजे सूत सेंद्रिय शेतीतलं आहे आणि पुढची धुलाई-रंगाई ठरलेल्या नियमांनी झालीय. दोन्हीत परवान्याचा किंवा प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला असतो. क्रमांक नसेल आणि नुसतंच हिरवं पान नि ‘ऑर्गॅनिक’ असं असेल, तर तो एक हिरव्या पानाचा छाप आहे, इतकंच समजा.

पण कपड्याचं माप बाळाला होतं का, आणि बटण उद्या तुटेल का, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. ते तुम्हालाच बघायचंय. तुळशीबागेतलं साधं पांढरं मलमलचं झबलं दोनदा धुतल्यावर या सगळ्यांच्या बरोबरीला बसतं, असं माझं मत आहे.

बंद, बटणं आणि चेन: कशाची भीती किती

कारखान्यात माझा सगळ्यात जास्त वेळ बटणांवर गेला, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

शिवलेलं बटण तुटतं ते बहुतेक वेळा धाग्याच्या गाठीमुळे. बटण लावायचं एक प्रकारचं मशीन साखळी टाका घालतं, म्हणजे एकाच दोऱ्याचे एकमेकांत अडकलेले फास. पोत्याचं तोंड शिवलेलं असतं ना, तसा. योग्य टोक सापडलं की पोतं एका ओढीत सरसर उसवतं, तसंच बटणही. कपडा उलटा करून बटणामागे बघा. एखादं सुटं टोक लोंबत असेल तर हळूच ओढा. सरसरून निघालं तर बरंच झालं, तुमच्या हातात निघालं, बाळाच्या तोंडात नाही. घरी सुई-दोऱ्याने पुन्हा लावा आणि मागे गाठ मारा. शर्टाचं बटण सेंटिमीटरभराचं असतं. खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या छोट्या नळकांड्यात जी वस्तू मावते ती लहान मुलाच्या घशात अडकू शकते, असं धरतात. बटण, मणी, घुंगरू, फुलाचा मोती, सगळं त्यात मावतं. माझा नियम असा की वर्षाखालच्या बाळाच्या कपड्याला शोभेचं काहीही शिवलेलं नको. त्या परकर-पोलक्याच्या टिकल्या भाचीने फोटो काढून झाल्यावर उसवल्या.

टिचबटण, म्हणजे दाबून लागणारं, त्यापेक्षा चांगलं, पण त्याची खोड वेगळी आहे. ते शिवलेलं नसतं, त्याचे बारीक दात कापडात रुतवून मागून दाबलेले असतात. कापड पातळ एकेरी होजिअरी असेल आणि मागे जाड पट्टी नसेल, तर दर वेळी उघडताना दात कापड थोडंथोडं फाडतात. वीस-पंचवीस धुण्यांनंतर बटणाभोवती भोकं दिसू लागतात, आणि एक दिवस बटण कापडाच्या तुकड्यासकट निघून येतं. ओळखायची खूण सोपी आहे: बटण बोटांनी गोल फिरवून बघा. सैलसर फिरलं तर पकड सुटलीय. उघडतानाही कापड ओढू नये, दोन्ही हातांनी बटणाच्या कडेला धरून सोडवावं. धातूच्या टिचबटणांनी काही बाळांना बेंबीखाली गोल लाल चट्टे उठतात, तो निकेलचा प्रताप असू शकतो. शिवाय पावसाळ्यात हलक्या प्रतीची बटणं गंजून कपड्यावर डाग पडतात. प्लॅस्टिकची टिचबटणं घेतली की दोन्ही प्रश्न मिटतात.

चेनचा रॉम्पर रात्री लंगोट बदलायला सोयीचा. मात्र चेनच्या आत कापडाची पट्टी हवी, आणि वर हनुवटीपाशी चेनचं टोक झाकणारा छोटा खिसा. नाही तर गळ्याची कातडी चिमटते. वेल्क्रोची काटेरी बाजू मानेला घासते आणि धुण्यात बाकीच्या मलमलचे धागे ओढते, लाळेऱ्यापुरतं ते ठीक. सेफ्टी पिनेबद्दल एकच वाक्य: नको.

आता बंद. झबल्याचे बाजूचे बंद चालतात, फक्त ते आखूड हवेत. बांधून झाल्यावर टोकं चार बोटांपेक्षा लांब लोंबू नयेत आणि बोट अडकेल असा फास उरू नये. गळ्याशी मात्र कसलाही बंद नको. अमेरिकेत मुलांच्या जाकिटांच्या टोपीतल्या दोऱ्या घसरगुंडीत किंवा पाळण्याच्या कठड्यात अडकून मुलं गुदमरली, म्हणून १९९६ साली तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मान आणि टोपीजवळच्या ओढदोऱ्या नकोत असं सांगितलं. युरोपच्या मानकातही लहान मुलांच्या गळ्याशी दोरीला मनाई आहे.

इथे हमखास प्रश्न येतो: “अहो, पण टोपडं आणि कुंची तर हनुवटीखालीच बांधतात! आपण सगळे तसेच वाढलो ना?” वाढलो, पण तेव्हा घरात बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या दोन बायका असायच्या. कुंची बांधून बाळाला मांडीवर घ्या, फोटो काढा, गच्चीत न्या. पाळण्यात, झोळीत किंवा गाडीत झोपवताना ती काढा. बाळ सरकतं, टोपडं मागे ओढलं जातं आणि बंद गळ्यावर येतो. दृष्टीच्या काळ्या दोऱ्याचंही तेच. गळ्यात नको. मनगटात किंवा कमरेला बांधायचा असेल तर बोट सहज आत जाईल इतका सैल, आणि दर पंधरवड्याला सैल करायचा, कारण मनगट वाढतं पण दोरा वाढत नाही.

पायमोज्याच्या आत काय असतं

त्या पाच संचांतला एक पायमोजा मी भाचीसमोर उलटा केला. बाहेरून पिवळं बदक, आत त्या बदकाच्या रंगांचे आडवे धागे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुटे, सतारीच्या तारांसारखे. “यात करंगळी घाल,” म्हटलं. घातली, आणि अडकली.

बाळाच्या पायाच्या बोटाला असा धागा किंवा आईचा गळलेला लांब केस गुंडाळला जातो. बाळ पाय झाडतं तसा तो आवळतो, बोट सुजतं आणि सूज आली की तो आणखी रुततो. बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांनी आईचे केस खूप गळतात, तेव्हा हा धोका वाढतो. बाळ दूध पिऊन, लंगोट बदलूनही किंचाळून रडत असेल आणि कारण सापडत नसेल, तर मोजे काढून दहाही बोटं बघा, मुलगा असेल तर शिश्नही बघा. बोट लाल किंवा निळसर, टरटरून सुजलेलं आणि मध्ये खाच दिसली, तर धागा लगेच निघतो का ते पाहा. नाही निघाला किंवा शंका वाटली तरी थेट डॉक्टरकडे, सकाळची वाट बघायची नाही.

मोजे विकत घेताना उलटे करा, धुताना उलटे धुवा. आतून साफ असलेले दोन जोड ठेवले. हातमोजे मात्र मी सगळेच कपाटात टाकायला लावले. नखं झोपेत कापली की ओरखडे निघत नाहीत, आणि बाळाला भूक लागली की ते हात तोंडाकडे नेतं, ती खूण हातमोज्यात झाकली जाते.

पहिला कपडा जुना असावा, हे खरं का?

बऱ्याच घरांत बाळ होईपर्यंत नवं काही आणत नाहीत आणि पहिला कपडा कोणाचा तरी जुना घालतात. कारण काहीही सांगोत, कपड्याच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. वीस वेळा धुतलेल्या कपड्यातली खळ गेलेली, सुटा रंग गेलेला, आटायचं ते आटलेलं. आजीच्या जुन्या सुती साडीतून दहा झबली आणि तीन दुपटी आरामात निघतात. जुन्या कपड्याची बटणं तेवढी नव्याने तपासा.

पण एक गोष्ट जिवावर बेतू शकते: डांबराच्या गोळ्या. थोरल्याचे कपडे, गोधडी, दुपटी ट्रंकेत घालून वर पांढऱ्या गोळ्या टाकायची पद्धत आहे. त्या बहुधा नॅप्थलीनच्या असतात, त्याची वाफ कापडात मुरते आणि बाळाच्या श्वासातून नि कातडीतून आत जाते. अंगाला तेल लावलेलं असलं तर आणखी सहज. काही बाळांच्या रक्तात ‘जी-सिक्स-पी-डी’ नावाचं विकर जन्मतः कमी असतं. ते लाल पेशींचं कवच सांभाळतं. ही कमतरता मुलग्यांत जास्त दिसते, आपल्या देशातही आढळते, आणि आई-वडिलांना सहसा ठाऊक नसते. अशा बाळाच्या लाल पेशी नॅप्थलीनमुळे भराभर फुटतात, कावीळ चढते आणि फार चढली तर मेंदूला इजा होते.

“धुऊन उन्हात टाकले की वास जातो,” असं लोक सांगतात. एका धुण्यात तो पूर्ण जात नाही, जाड गोधडीतून तर नाहीच. म्हणून गोळ्यांत ठेवलेलं काहीही पहिल्या महिन्यात बाळाजवळ आणू नका, आणि पुढेही पुन्हापुन्हा धुऊन वास पूर्ण गेल्याशिवाय नको. बाळाच्या खोलीतल्या ज्या कपाटात गोळ्या आहेत तेही रिकामं करा. कापराची पुरचुंडी हा पर्याय नव्हे, तोही तान्ह्याला घातक आहे. कपडे कोरडे करून घट्ट झाकणाच्या डब्यात, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासोबत ठेवता येतात. असे कपडे वापरात आले असतील आणि बाळाचे डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि गोळ्यांचं आवर्जून सांगा, ते आपण होऊन विचारतीलच असं नाही.

“हात बघा किती गार पडलेत, अजून एक घाला”

हे वाक्य सगळ्या घरांत ऐकू येतं. तान्ह्याचे हात-पाय गार असणं, किंचित निळसरही दिसणं, पहिल्या दिवसांत नेहमीचं आहे. बालरोग विभागातल्या परिचारिका शिकवतात ती पद्धत घ्या: हाताच्या मागच्या बाजूने आधी पोट आणि मग तळपाय बघायचे. दोन्ही उबदार तर बाळ मजेत आहे. पोट उबदार, तळपाय गार, तर एक थर वाढवा किंवा छातीशी घ्या. पोटही गार लागलं तर बाळ खरंच थंड पडलंय, छातीशी धरून तातडीने दवाखाना गाठा. मान घामेजलेली आणि छाती तापलेली असेल तर एक थर काढा.

किती थर, याचा ठोकताळा असा की आपल्याला त्या खोलीत जेवढे पुरतात त्याहून एक जास्त. पुण्याच्या ऑक्टोबरात तो जादा थर म्हणजे मलमलचं दुपटं, लोकर नव्हे. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत टोपी हवी. एकदा बाळ घरी स्थिरावलं की घरात झोपवताना ती काढावी, कारण जास्तीची बरीचशी उष्णता बाळ डोक्यातून बाहेर टाकतं. गुंडाळताना हात सरळ ठेवले तरी पाय नकोत, मांड्या बेडकासारख्या फाकायला जागा हवी, नाही तर खुब्याच्या सांध्याला त्रास होतो.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भाचीचा फोटो आला. साठ सेंटिमीटर, पावणेपाच किलो. बदलून आणलेल्या स्वेटरची बाही एकदाच दुमडलेली. खाली पावलं असलेला ६२चा रॉम्पर होता, त्यात अंगठे टोकाशी वाकलेले दिसत होते. मी लिहिलं, “पावलं कापून टाक, बाकी कपडा अजून महिनाभर चालेल.” तिने कापले. कडा तेवढ्या दुमडून शिवायला विसरली, म्हणून पुढच्या रविवारी सुई-दोरा घेऊन मीच गेले.